हरकत झाडागणिक लिहावी

शनिवार, २१ जानेवारी २०२३. सकाळी दूध आणायला निघाले, तर जुन्या रस्त्यावरच्या वडाला एक कागद ठोकलेला दिसला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून चारी कोपऱ्यांना खिळे मारलेले. आमच्या महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची ती जाहीर नोटीस होती. रस्ता रुंदीकरणात ४३ झाडं बाधित होत आहेत, ती तोडण्याबाबत कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी, मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.

मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं आरेखक होते. कालव्यांचे, रस्त्यांचे, धरणाखालच्या गावठाणांचे नकाशे काढले. सरकारी कागद मला नवे नव्हते, पण सरकारच्या कागदाला हरकत घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली. त्यानंतर आजवर चार वेगवेगळ्या वस्त्यांतली माणसं अशाच नोटिशी घेऊन माझ्या घरी आली. त्या सगळ्यांना जे सांगितलं, तेच इथे क्रमानं लिहिते आहे.

१. आधी तारीख पाहा

नोटिशीवर तारीख होती १९ जानेवारी. म्हणजे मी ती वाचली तेव्हाच दोन दिवस गेले होते. शनिवार-रविवार कार्यालय बंद, आणि सातवा दिवस येत होता गुरुवारी, २६ जानेवारीला, सुट्टीचा. हातात राहिले सोमवार, मंगळवार आणि बुधवार.

पहिलं काम केलं ते फोटो काढायचं. कागदाचा जवळून एक, आणि झाडासकट लांबून एक. कायद्यानं नोटीस वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि तोडायच्या झाडावर ठळक जागी लावावीही लागते. मी त्याच दिवशी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. ४३ पैकी फक्त ११ झाडांवर कागद होता. उरलेल्या झाडांच्या खोडांचेही तारखेसह फोटो घेतले. पुढे सुनावणीत हे फोटो फार उपयोगी पडले.

सोमवारी सकाळी साडेदहाला मी उद्यान विभागात होते, हरकतीचं पत्र न घेता. हातात पाच ओळींचा अर्ज होता: मूळ प्रस्ताव, झाडांची यादी, झाडांच्या जागा दाखवणारा नकाशा आणि वृक्ष अधिकाऱ्यांचा स्थळपाहणी अहवाल पाहायला मिळावा, सातवा दिवस सुट्टीचा असल्यानं मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत धरावी. माहितीच्या अधिकारात अर्ज केला असता तर उत्तराला तीस दिवस लागले असते. फाईल समोर बसून पाहू द्या, एवढीच विनंती केली, आणि खिडकीवरच्या बाईंनी फाईल दिलीही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घेतला. पोच नसलेलं पत्र कार्यालयाच्या लेखी आलेलंच नसतं.

२. उत्तर देणाऱ्याला एका ओळीत सुटता येणार नाही असं लिहा

रविवारी रात्री मी पहिला मसुदा लिहिला होता. दोन पानं. सावली, पाखरं, प्राणवायू, उन्हाळ्यात रस्त्याला येणारा गारवा. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आमच्या इमारतीत नगरपालिकेतून निवृत्त झालेले एक अधीक्षक राहतात, त्यांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, याला उत्तर द्यायला मला एक ओळ पुरते. 'सदर वृक्षतोड विकासकामासाठी आवश्यक असून नियमानुसार भरपाई वृक्षारोपण करण्यात येईल.' झालं. तुमची दोन पानं निकाली. ज्याला उत्तर लिहिताना मला जागेवर जाऊन यावं लागेल, असं काहीतरी लिहा."

मला वाईट वाटलं, पण ते बरोबर होते. सर्वसाधारण किंमत सांगून झाड वाचत नाही, याचा पुरावा तर पुढच्याच महिन्यात देशासमोर आला. पश्चिम बंगालमधल्या जेसोर रोडवरच्या ३५६ जुन्या झाडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंच तज्ज्ञांची समिती नेमली होती. एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये, असा हिशेब त्या समितीनं मांडला. त्याची देशभर चर्चा झाली. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं रेल्वेवरच्या पुलांसाठी ती झाडं तोडायला मोकळीक दिली. झाडं मोलाची आहेत हे कोणी नाकारलंच नव्हतं. प्रश्न होता तो हीच झाडं, याच कामासाठी, तोडल्यावाचून चालेल का, हा.

म्हणून मी दुसरा मसुदा झाडागणिक लिहिला. क्रमांक, जात, घेर, जागा, आणि त्या झाडाबद्दलचं म्हणणं. ४३ झाडांचे ४३ परिच्छेद. उत्तरं द्यायची तर तीही ४३ द्यावी लागणार होती.

३. टेप घेऊन जा, आणि यादी झाडाशी ताडून पाहा

फाईलमधली यादी मी हातानं उतरवून घेतली होती. मंगळवारी सकाळी सहा वाजता आम्ही पाच जण रस्त्यावर उतरलो. माझी मुलगी, ते अधीक्षक, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या एक बाई, कोपऱ्यावरचा चहावाला आणि मी. चहावाल्याला बरोबर घेतलं कारण कुठलं झाड कधी वठलं, कुठल्याची फांदी कोणत्या पावसात पडली, हे त्याला तोंडपाठ होतं.

झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजतात. उतारावरचं झाड असेल तर वरच्या बाजूच्या जमिनीपासून उंची धरायची. त्याखालीच खोड दुभंगलं असेल तर प्रत्येक खोड वेगळं मोजायचं आणि तसं लिहायचं. वडाची खरी अडचण पारंब्यांची असते. पारंब्या खोडाला चिकटून एकजीव झालेल्या असतात आणि घेर फुगतो. असे तीन वड आम्हाला सापडले. त्यांच्यापुढे आम्ही 'पारंब्यांसह' असा शेरा लिहिला आणि वयाच्या हिशेबातून त्यांना वगळलं. आपल्याच बाजूचा आकडा फुगलेला असेल तर तो आपणच आधी सांगावा, नाहीतर एका चुकीच्या आकड्यापायी बाकीचे बेचाळीस संशयात सापडतात.

यादी आणि रस्ता यांचा मेळ बसेना. दोन क्रमांकांच्या जागी झाडच नव्हतं, नुसते जुने बुंधे होते. तीन क्रमांक एकाच नांद्रुकाचे निघाले. त्याची तीन खोडं तीन झाडं म्हणून धरली होती, आणि खोडांचा घेर दीड मीटर खालीच एक होत होता. म्हणजे हे पाचही क्रमांक जसे लिहिले होते तसे यादीत उभे राहण्यासारखे नव्हते, आणि जागेवर जाऊन पाहणी झाली असती तर ते लिहिले गेलेच नसते. कायद्यानं वृक्ष अधिकाऱ्यानं स्वतः पाहणी करून चौकशी करायची असते. 'पाहणी झाली नाही' असा आरोप मी पत्रात कुठेही केला नाही. क्रमांक आणि फोटो दिले, एवढंच.

४. वयाचा रकाना सर्वांत आधी तपासा

हा मुद्दा मी जरा सविस्तर सांगते, कारण प्रत्येक नोटिशीत घोळ याच रकान्यात सापडला आहे.

आपल्याकडचा कायदा १९७५ चा आहे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हे वारसा वृक्ष ठरलं. शिवाय तोडलेल्या झाडाच्या बदल्यात किती झाडं लावायची, तो आकडा झाडाच्या वयाशी बांधला गेला. साठ वर्षांचं झाड तोडलं तर साठ झाडं, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं जगवायची. थोडक्यात, वयाच्या रकान्यातला आकडा लहान झाला की झाडाचा दर्जाही जातो आणि भरपाईही घटते.

आमच्या यादीत १९ वडांचं 'अंदाजे वय' ४० लिहिलं होतं. एकजात ४०. मनगटाएवढ्या पारंब्यांच्या वडालाही ४० आणि माझ्या घराइतक्या रुंद वडालाही ४०.

त्यातला क्रमांक १७ घेऊन मी हिशेब मांडला. नोटीस मला पहिल्यांदा दिसली ती याच झाडावर. याला एकच सरळ खोड, पारंब्या खोडापासून लांब. घेर ५.२० मीटर. आता घेरावरून वय काढायला वाढीचा वेग लागतो, आणि पुस्तकातला वेग आपल्या मातीला लागू पडेलच असं नाही. पाणी, जमीन, छाटणी यांनी तो बदलतो. म्हणून लागवडीची तारीख पक्की माहीत असलेला, याच भागातला वड शोधायला हवा होता. तो मिळाला शाळेच्या आवारात. त्याच्या पाराला फरशी आहे आणि तिच्यावर कोरलंय, जुलै १९८६. शाळेतला वड पाण्याच्या टाकीजवळचा, म्हणजे रस्त्यावरच्या वडापेक्षा सुखात वाढलेला. त्याचा घेर भरला २.३४ मीटर. साडेछत्तीस वर्षांत २३४ सेंटीमीटर, वर्षाला साधारण साडेसहा सेंटीमीटर. त्या वेगानं क्रमांक १७ चं वय येतं ऐंशीच्या आसपास. ते ४० असायचं तर वर्षाला १३ सेंटीमीटर वाढ धरावी लागते, टाकीजवळच्या वडाच्या दुप्पट.

हा पुरावा अचूक वयाचा नाही, आणि तसं मी पत्रात स्पष्ट लिहिलं. पण ४० हा आकडा टिकत नाही, एवढं त्यातून दिसतं.

दुसरा पुरावा माणसांकडून आला. रस्त्यालगतच्या वाड्यातल्या आजींनी लोखंडी ट्रंकेतून सासूबाईंच्या जपून ठेवलेल्या वस्तू काढल्या. त्यात १९६४ सालचा वरातीचा फोटो होता, मागे तारीख लिहिलेला. घोड्यावर नवरदेव, शेजारी मैलाचा दगड आणि दगडामागे वडाचं खोड, माणसाच्या कवेत मावणार नाही एवढं. तो मैलाचा दगड आजही क्रमांक १७ च्या बुंध्याशी अर्धा गाडलेला आहे. १९६४ साली एवढं असलेलं झाड २०२३ मध्ये ४० वर्षांचं कसं असेल? फोटोची प्रत, दगडाचा आजचा फोटो आणि आजींचं सहीचं निवेदन, तीन कागद पत्राला जोडले.

पत्रातला तो परिच्छेद असा होता:

"झाड क्र. १७, वड. घेर ५.२० मी. (१.३७ मी. उंचीवर, एकच खोड). यादीत वय ४० नमूद आहे. सोबतच्या १९६४ च्या छायाचित्रात हे झाड मोठे झालेले दिसते (जोडपत्र ३), म्हणजे वय किमान ५९. शाळेच्या आवारातील १९८६ च्या लागवडीच्या वडाशी तुलना केल्यास अंदाजे ८० (जोडपत्र ४). सबब हे वारसा वृक्षाच्या व्याख्येत बसते. यादीतील वय कोणत्या पद्धतीने ठरवले ते कळवावे आणि ते दुरुस्त करून फेरनोटीस काढावी. तसेच हे झाड रस्त्याच्या मध्यरेषेपासून १०.४० मी. अंतरावर आहे, प्रस्तावित गाडीमार्गात ते येत नाही (जोडपत्र ६)."

५. रस्त्याला नाही म्हणू नका, रस्त्याचा नकाशा मागा

वरच्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य हे आमच्या पत्राचं सर्वांत मोठं बळ होतं. ते मला लिहिता आलं कारण मी जन्मभर तेच काम केलं. पण त्याला आरेखक असायची गरज नाही, तीस मीटरची टेप आणि खडू पुरतो.

प्रस्तावित रस्ता २४ मीटर रुंद. मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला १२ मीटर. छेदनकाशात गाड्यांचा भाग दुभाजकासह मध्यरेषेपासून ७.६० मीटरपर्यंत होता. त्यापुढचे ४.४० मीटर गटार आणि पदपथ. म्हणजे ७.६० च्या आतलं झाड खरोखर गाड्यांच्या वाटेत, आणि त्याबाहेरचं झाड फक्त पदपथाच्या वाटेत. पदपथावर झाड असणं यात काहीच गैर नाही. चालणाऱ्याला तर ते हवंच असतं.

आम्ही मध्यरेषेवर खडूनं खूण करत गेलो आणि प्रत्येक झाडाचं अंतर काटकोनात मोजलं. ४३ क्रमांकांचा हिशेब असा निघाला: यादीतलेच चुकीचे ५, वठलेली किंवा धोकादायक ४, गाडीमार्गात येणारी १३, आणि निव्वळ पदपथाच्या किंवा गटाराच्या पट्ट्यात येणारी २१. अर्ध्याच्या जवळपास झाडं रस्त्यासाठी नव्हे, तर छेदनकाशात पदपथ सरळ काढला होता म्हणून तोडली जाणार होती. सरळ रेघ काढणं सोपं असतं, हे मला माहीत आहे. मीही अशा रेघा काढल्या आहेत, आणि त्या रेघेखाली काय उभं आहे हे बघायला प्रत्येक वेळी जागेवर गेले नव्हते.

त्या २१ झाडांसाठी मी पर्यायी छेद काढून जोडला. झाडाजवळ गटार दीड मीटर आत वळवायचं आणि पदपथ झाडाच्या दोन्ही अंगांनी न्यायचा. रस्त्याची आखणी झाडासाठी बदलता येते, याचं उदाहरणही दिलं. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा, यल्लम्मा देवळाजवळचा जुना वड २०२० मध्ये महामार्गाच्या कामात जाणार होता; लोकांनी आवाज उठवल्यावर आखणीत बदल करून तो तेव्हा राखला गेला. महामार्गाला जे जमलं ते शहरातल्या पदपथाला अशक्य नाही, एवढंच त्यापुढे लिहिलं.

आणखी एक बघून ठेवा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २०० किंवा त्याहून जास्त झाडांचा प्रस्ताव तेव्हा राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे जात होता. एकच रस्ता तीन टप्प्यांत, तीन नोटिशींत आला, तर प्रत्येक आकडा दोनशेच्या आतच राहायचा. म्हणून पूर्ण रस्त्यावर एकूण किती झाडं जाणार, हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारावा.

६. जे झाड जायला हवं, ते जाऊ द्या

यावर आमच्यात भांडण झालं. मुलीचं म्हणणं, एकही झाड द्यायचं नाही. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी तिला क्रमांक ३१ च्या गुलमोहराकडे नेलं. बुंध्याशी तपकिरी, लाकडासारखी कडक भूछत्रं आली होती. आतलं लाकूड कुजत असल्याची ती खूण. लाकडी हातोडीनं ठोकलं तर पोकळ आवाज. झुकाव एका बाजूला, आणि विरुद्ध बाजूची माती उचलली जाऊन तिला ताजी भेग पडलेली. जुना झुकाव असेल तर झाड वर जाताना पुन्हा सरळ होतं आणि माती घट्ट असते. ताजी भेग म्हणजे मुळं सुटत चालली आहेत. गुलमोहराची मुळं तशीही उथळ आणि लाकूड ठिसूळ. त्याच्याखाली चहाची टपरी. चहावाला स्वतः म्हणाला, "काकू, याला माझी हरकत नको लिहू."

अशी चार झाडं आम्ही पत्रात स्वतःहून लिहून दिली. पण नुसतं पोकळ म्हणून झाड धोकादायक ठरत नाही, हेही लिहिलं. जुन्या चिंचेचं, वडाचं पोट पोकळ असतं आणि बाहेरच्या जिवंत लाकडावर ती झाडं आणखी पन्नास वर्षं उभी राहू शकतात. यादीत 'पोकळ' म्हणून धोकादायक ठरवलेल्या दोन चिंचा आम्ही त्यातून सोडवून घेतल्या.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी पत्र उलगडलं तेव्हा त्यांची नजर आधी या चार झाडांवर थांबली. त्यानंतर उरलेल्या झाडांबद्दलचं आमचं म्हणणं त्यांनी वेगळ्या कानानं ऐकलं, असं मला वाटलं.

७. पुनर्रोपण म्हटल्यावर चार प्रश्न विचारा

"तोडणार नाही मॅडम, दुसरीकडे लावणार आहोत," हे उत्तर हमखास येतं. तेव्हा विचारायचं: कुठे, कोणत्या महिन्यात, मुळांचा गोळा केवढा, आणि पाणी कोण किती वर्षं घालणार? मोठं झाड हलवायचं तर आधी काही महिने भोवती टप्प्याटप्प्यानं चर खणून मुळं छाटावी लागतात, म्हणजे गोळ्यातच नवी तंतुमुळं फुटतात. सकाळी खणून दुपारी क्रेनला लटकवलेलं झाड म्हणजे हलवलेलं लाकूड. वड, पिंपळ, उंबर त्यातूनही कधी तगतात. खोल सोटमूळ असलेली चिंच, जांभूळ मोठेपणी क्वचितच.

आमच्या शहरात आधीच्या एका कामात हलवलेली १८ झाडं कुठे आहेत, ते शोधायला आम्ही गेलो. क्रीडासंकुलामागच्या मुरमाड जागेत सापडली. पाचांना पानं होती. त्या अठरांचे फोटो पत्राला जोडले.

८. सगळ्यांनी एकच पत्र देऊ नये

उत्साहात आमच्या कॉलनीतल्या मुलांनी एक मजकूर छापून २१२ लोकांच्या सह्या घेतल्या. कार्यालयात त्यांची नोंद झाली 'एकाच आशयाच्या हरकती' म्हणून, आणि उत्तरही एकच आलं. त्यापेक्षा वाड्यातल्या आजींनी स्वतःच्या हातानं क्रमांक १७ बद्दल लिहिलेल्या आठ ओळी जड ठरल्या. त्यानंतर मी लोकांना सांगते, एकेका घरानं एकेक झाड वाटून घ्या. आपल्या दारासमोरचं. त्याच्याबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसतं.

सुनावणीतही तसंच केलं. प्रत्येकानं दोन मिनिटं आपल्या झाडावर बोलायचं आणि बोललेलं लेखी द्यायचं. शेवटी इतिवृत्ताची प्रत आणि झाडागणिक कारणांसह निर्णय मागायचा. तोंडी मिळालेल्या "बघतो" ला काहीच अर्थ नसतो.

९. निर्णयानंतरचे दिवस मोजा

परवानगी मिळाली तरी त्यानंतर १५ दिवस झाड तोडता येत नाही. न्यायालयात जायचं असेल त्याला ही मुदत. ती पाळली जाईल अशा विश्वासावर राहू नये, कारण झाड पाडायला एक रात्र पुरते. आरेमध्ये ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. आम्ही पंधरा दिवस रात्री पाळीपाळीनं रस्त्यावर फिरलो. 'छाटणी'च्या नावाखाली मुख्य फांद्या उतरवायला आलेला एक ट्रक त्यातच परत गेला.

आमचा निर्णय एप्रिलमध्ये आला. चुकीचे पाच क्रमांक रद्द झाले. पदपथातल्या २१ पैकी १९ झाडं यादीतून वगळली. गाडीमार्गातली १३, धोकादायक ४ आणि पदपथातली २ यांना परवानगी मिळाली. त्या दोहोंतली एक चिंच होती, क्रमांक २२. तिच्याबद्दलचा परिच्छेद माझ्या पत्रात सर्वांत तोकडा होता, कारण बुधवारी दुपारी ती मोजायला पोहोचलो तेव्हा पत्र द्यायला दोन तास उरले होते. अंतर लिहिलं, घेर लिहिला, वयाचा पुरावा शोधायला वेळ नव्हता. मे महिन्यात ती गेली.

१०. झाड वाचलं म्हणजे मुळं वाचली, असं नाही

हे मी पत्रात लिहिलं नव्हतं, आणि त्याची किंमत क्रमांक ९ च्या जांभळानं दिली. ते यादीतून वगळलेलं झाड. पावसाळ्याआधी गटाराचं काम आलं आणि यंत्रानं बुंध्यापासून हातभर अंतरावर सरळ चर खणला. मांडीएवढी दोन मुळं कापली गेली, त्यावर माती टाकून काँक्रीट ओतलं. बाहेरून काहीच कळत नव्हतं. झाडाला अन्नपाणी देणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या एक मीटरभर थरातच पसरलेली असतात, आणि त्याला धरून ठेवणारी मोठी मुळं बुंध्याजवळ. दोन्ही एकाच चरात गेली. जुलैच्या शेवटी, वारा फारसा नसताना, जांभूळ चराच्या विरुद्ध बाजूला आडवं झालं. कोणाला लागलं नाही. कार्यालयाच्या नोंदीत ते 'नैसर्गिकरीत्या पडलेले झाड' आहे.

तेव्हापासून हरकतीच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी मी या अटी लिहायला लावते. राखलेल्या झाडाच्या बुंध्यापासून तीन मीटरच्या आत यंत्रानं खणू नये, हातानं खणावं. मनगटापेक्षा जाड मूळ कापू नये; गटार तिथे मुळावरून पुलासारखी फरशी टाकून न्यावं. बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा काँक्रीटविना मोकळी सोडावी; राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांसाठी तसा आदेश दिलेला आहे. आणि खोदाई कोणत्या दिवशी होणार ते दोन दिवस आधी कळवावं, म्हणजे कोणीतरी उभं राहील.

तुमच्या रस्त्यावरच्या झाडाला उद्या कागद दिसला, तर पत्र लिहायला बसण्याआधी टेप घेऊन त्या झाडापाशी जा. आणि त्याच्या समोरच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुम्ही इथे राहायला आलात तेव्हा हे केवढं होतं?

क्रमांक १७ चा घेर मी दर २१ जानेवारीला मोजते. २०२५ मध्ये तो ५.३१ मीटर भरला.